ओळीच्या टोकाला तुटलेला शब्द: जुन्या छापील मजकुराच्या फोटोंवरून टंकताना तो कसा जोडायचा

माझे आजोबा १९३० च्या दशकात नागपुरातल्या एका मासिकात शेतीवर लिहायचे. त्या मासिकाचे बांधून ठेवलेले अंक नागपुरातल्याच महाल भागात आत्याच्या घरी आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणून एका मे महिन्यात मी पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि घरी बसून लेख टंकायला घेतले. मजकूर दोन अरुंद रकान्यांत होता आणि जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या शेवटी शब्द तोडून आडवी रेघ दिलेली होती.

मी सगळं ओळीला ओळ टंकलं. मग वर्डमध्ये शोधा-बदला उघडून ओळीच्या शेवटची प्रत्येक रेघ एका झटक्यात काढून टाकली. चाळीस पानं दोन सेकंदांत सलग झाली. छापून आत्याच्या हातात दिली, तर दुसऱ्याच पानावर ती थांबली. म्हणाली, “अरे, हे १९३८३९ कोणतं साल?” तिथे छापलेलं होतं १९३८-३९. रेघ खरी होती, ती फक्त ओळीच्या टोकाला आली होती. तशा खऱ्या रेघा आणखी किती गेल्या हे मला आता फाइलवरून कळणं शक्य नव्हतं, कारण ओळी कुठे तुटत होत्या तेच मी पुसून टाकलं होतं. ती चाळीस पानं मी फोटो समोर ठेवून पुन्हा तपासली. तो वेळ तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

हे असं का छापलेलं असतं

खिळे जुळवून छापायच्या काळात जुळारी ठरावीक रुंदीच्या चौकटीत एकेक ओळ बसवायचा. दोन्ही कडा सरळ यायला हव्यात, म्हणून शब्दांमधल्या जागा कमी-जास्त करायच्या. रुंद ओळीत हे जमतं. अरुंद रकान्यात ओळीला चार-पाच शब्द मावतात, त्यात मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे शब्द लांब होतात. “बागाइतदारांसाठीं” हा शब्द उरलेल्या जागेत मावला नाही, तर आधीच्या शब्दांमध्ये भगदाडं पडतील. त्यापेक्षा “बागाइतदारां-” इथे तोडून “साठीं” खाली नेणं त्याला परवडायचं.

तोडण्याची रेघ आणि दोन शब्द जोडण्याची रेघ यांचा खिळा एकच. शाळेतल्या व्याकरणात आपण ज्याला संयोगचिन्ह म्हणतो त्याची ही दोन्ही कामं शिकवतात: दोन शब्द जोडणं आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा आहे हे दाखवणं. टंकताना पहिल्या कामाची रेघ ठेवायची आणि दुसऱ्या कामाची काढायची. दिसायला दोन्ही सारख्या, सगळी अडचण तिथेच.

हाताशी काय हवं

- पूर्ण पानाचा एक फोटो, रकान्यांचा क्रम कळण्यासाठी.
- प्रत्येक रकान्याचे जवळून काढलेले फोटो.
- साधा मजकूर टंकता येईल आणि ओळींचे क्रमांक दिसतील असा संपादक. नोटपॅड++ चालतो, वर्डही चालतं.
- युनिकोड कळपाट. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकू नका. नंतर रूपांतर करताना चिन्हांची अदलाबदल होते.
- जुन्या शब्दांसाठी शब्दकोश. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. जुनं शुद्धलेखन असलेल्या मजकुरासाठी हे आजच्या कोशांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.
- एक वही, शंकांसाठी.

१. फोटो काढतानाच कडा सांभाळा

शब्द ओळीच्या उजव्या टोकाला तुटतो, आणि फोटोत सर्वांत आधी खराब होते ती कडाच. बांधलेल्या अंकाच्या मधल्या घळीत रेघ गडप होते. म्हणून प्रत्येक फोटोत रकान्याच्या दोन्ही बाजूंना शेजारचा थोडा भाग येऊ द्या, आणि खाली-वर दोन-तीन ओळी आधीच्या फोटोतल्या पुन्हा येतील असं बघा. घळीजवळचा रकाना असेल तर पान हलकं उचलून एक फोटो जादा घ्या. अंक दाबून सपाट करायला जाऊ नका, शिवण उसवते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम बहुधा कूलर लावलेल्या खोलीत होतं. अंक कूलरच्या झोतात ठेवू नका. दमट हवेने ठिसूळ पान वळतं, आणि वळलेल्या पानावर रकान्याचं टोक फोटोत तिरकं येतं.

फाइलींना अशी नावं द्या की अंक, पान आणि रकाना त्यातूनच कळावा:

```
1939-02_p14_k1.jpg
1939-02_p14_k2.jpg
```

२. पहिल्या फेरीत काहीही जोडू नका

हा माझा सर्वांत ठाम सल्ला आहे. टंकता टंकता शब्द जोडत जाणं सोपं वाटतं, पण त्या वेळी आपलं लक्ष अक्षरांकडे असतं आणि निर्णय घाईत होतो. शिवाय एकदा जोडलं की छापलेल्यात तिथे काय होतं हे फाइल सांगत नाही. तेव्हा छापील ओळ जिथे संपते तिथेच एंटर मारा, रेघ असेल तर रेघ टंका, नसेल तर टंकू नका. रेघेनंतर चुकून एक मोकळी जागा पडते, ती टाळा. पुढे शोधताना ती रेघ हाती लागत नाही.

रकाना संपला की वेगळ्या ओळीवर खूण करा. मी `[k2]` अशी करतो.

या फेरीत होणारी नेहमीची चूक म्हणजे अर्धा शब्द दोनदा येणं. डोळा तुटलेला शब्द आपोआप पूर्ण करतो, हात “विहिरींचे” असं पूर्ण टंकतो, आणि पुढची ओळ सुरू करताना पुन्हा “रींचे” टंकला जातो. सलग मजकुरात मग “विहिरींचे रींचे तळ” असं दिसतं. ओळीला ओळ ठेवली असेल तर फोटोशी ताडताना हे लगेच सापडतं.

वर्डमध्ये काम करत असाल तर आणखी एक गोष्ट. कंट्रोल दाबून रेघ टंकली तर साध्या रेघेऐवजी लपणारी रेघ पडते. ती फक्त ओळीच्या टोकाला दिसते, ओळीच्या मध्ये आली की अदृश्य होते, पण शब्दात राहतेच. मग तो शब्द शोधात निसटू शकतो. शोधाच्या चौकटीत `^-` टाकून अशा रेघा हुडकता येतात.

३. आधी रकान्याचा तळ आणि माथा जोडा

ओळींच्या आधी रकाने घ्या, कारण ते हातानेच करावे लागतात. डाव्या रकान्याची शेवटची ओळ रेघेवर संपत असेल तर तिचा उरलेला तुकडा उजव्या रकान्याच्या माथ्यावर असायला हवा. नेहमी असतोच असं नाही. मध्ये जाहिरात येते, चित्र येतं, तळाला टीप असते, किंवा उजव्या रकान्याच्या वरच्या भागात दुसराच छोटा लेख चौकटीत बसवलेला असतो. अशा वेळी पूर्ण पानाचा फोटो उघडा आणि रकान्यात खाली खाली जात तुकडा शोधा.

सापडलेला तुकडा योग्य आहे का, हे दोन गोष्टींनी ठरवा. जोडून होणारा शब्द खरा हवा, आणि त्याच्या पुढचं वाक्यही व्याकरणात बसायला हवं. पहिली कसोटी एकटी पुरत नाही. डावीकडे “राख-” असेल आणि उजव्या रकान्याच्या दुसऱ्याच लेखातली ओळ “ण” ने सुरू होत असेल, तर “राखण” असा खरा शब्द जुळल्यासारखा दिसतो. वाक्य पुढे वाचलं की ते तुटतं.

एक सापळा इथेच सांगतो. दोन रकान्यांच्या मध्ये बहुतेकदा उभी बारीक रेघ छापलेली असते. फोटो थोडा तिरका असला, की ती रेघ डाव्या रकान्याच्या शेवटच्या अक्षराला खेटते आणि काना दिल्यासारखी दिसते. “राख” चं “राखा” होतं. खऱ्या कान्याला वर शिरोरेषा जोडलेली असते आणि तो ओळीच्या उंचीवर संपतो. रकान्याची रेघ वरच्या-खालच्या ओळींमध्येही चालूच राहते. फोटो मोठा करून फक्त एवढंच बघा.

जोडलेला पूर्ण शब्द कुठल्या ओळीत ठेवायचा? तो जिथे सुरू झाला तिथे, म्हणजे डाव्या रकान्याच्या शेवटच्या ओळीत. पान बदलत असेल तरी हाच नियम. तो एकदा ठरवून पाळला की पुढे कोणी पान क्रमांकावरून शब्द शोधला तर घोळ होत नाही.

४. ओळीच्या टोकाची प्रत्येक रेघ: जोडायची की ठेवायची

आता मुख्य काम. सगळे प्रकार एकत्र दिसावेत म्हणून आजोबांच्या लेखांच्या वळणाचा एक नमुना मीच तयार केला आहे. शुद्धलेखन १९६२ च्या नियमांपूर्वीचं आहे, अनुस्वारांसकट.

डाव्या रकान्याचा तळ:

१) त्या वर्षीं मृग कोरडा गेला आणि काटोल-
२) नरखेडच्या बागांत पाण्यासाठीं ओढा-
३) ताण सुरू झाली. आठवड्याभरांत विहि-
४) रींचे तळ दिसूं लागले. नवरा-बायको, मुलें-
५) बाळें सगळीं राबूं लागलीं, तरी झाडें राख-

उजव्या रकान्याचा माथा:

६) तां येईनात. पानें हळू-
७) हळू पिवळीं पडलीं. १९३८-
८) ३९ च्या आंबिया बहा
९) राचें फळ धरलेंच नाहीं.

एकेक टोक घेऊ.

“विहि-” आणि “राख-” सोपे आहेत. “रींचे” किंवा “तां” हा तुकडा एकटा उभा राहू शकत नाही, म्हणून डोळे मिटून जोडा: विहिरींचे, राखतां. दुसरा तुकडा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय असेल, जसं च्या, नीं, साठीं, समोर, पर्यंत, तरीही हाच निर्णय. मराठीत ती शब्दाला जोडूनच लिहितात. तुटलेल्या शब्दांत मोठा वाटा यांचाच असतो.

“काटोल-नरखेड” मध्ये दोन्ही तुकडे स्वतंत्र नावं आहेत, नागपूर जिल्ह्यातली दोन गावं. ती जोडून “काटोलनरखेड” असं कोणी लिहीत नाही. रेघ ठेवा. “१९३८-३९” चंही तसंच. दोन्ही बाजूंना आकडे असले की रेघ कधीच काढायची नाही. हा एक नियम पाळला असता तर आत्याला तो प्रश्न पडला नसता.

“ओढा-ताण” जरा फसवा आहे. ओढा हा शब्द आहे, ताणही शब्द आहे, आणि दोन्हींचा अर्थ इथे ओढूनताणून लावता येतो. पण ओढाताण हा एकच शब्द म्हणून कोशात मिळतो. दोन्ही तुकडे अर्थपूर्ण असले म्हणजे रेघ खरीच असेल असं नाही, म्हणून कोश उघडायचा. भरपूर, गैरहजर, मनमोकळा हे सगळे याच जातीचे.

“हळू-हळू” या ठिकाणी आपण नागपूरकर हमखास चुकतो. रोज हिंदी वाचणारा-बोलणारा डोळा “धीरे-धीरे”, “बार-बार”, “घर-घर” अशा रेघांना सरावलेला असतो. हिंदीत शब्दाची द्विरुक्ती रेघ देऊन लिहायची पद्धत आहे. मराठीत हळूहळू, घरोघरी, वेळोवेळी, मधूनमधून हे जोडूनच येतात. त्यामुळे ओळीच्या टोकाला “हळू-” दिसलं की आपल्याला ती रेघ खरी वाटते. ती तोडण्याची आहे. जोडा. छापखान्याने ओळीच्या मध्येही “हळू-हळू” असंच छापलेलं आढळलं तर गोष्ट वेगळी. मग त्याच्यासारखं ठेवा.

उरला “मुलें-बाळें”. त्याच ओळीत “नवरा-बायको” रेघ देऊन छापलंय, म्हणजे हा छापखाना जोड्यांना रेघ देतो असं वाटतं. मी आधी तसंच ठरवलं होतं. पण शेजारचा शब्द हा कमजोर पुरावा आहे. तोच शब्द ओळीच्या मध्ये कुठे आला आहे का, ते बघायचं. समजा त्याच लेखात पुढे “मुलाबाळांसह” असं सलग छापलेलं सापडलं, तर निर्णय झाला: मुलेंबाळें. त्याच लेखात सापडलं नाही तर त्याच लेखकाच्या दुसऱ्या लेखात, मग त्याच अंकात, आणि शेवटी त्या काळच्या कोशात बघा. कुठेच पुरावा नसेल तर `मुलें[-]बाळें` असं कंसात ठेवा आणि वहीत पान-ओळ लिहा. आपल्या कानाला काय बरं वाटतं यावरून ठरवू नका.

एका गोष्टीने मला सुरुवातीला गोंधळात टाकलं होतं. जुन्या छपाईत संवादाच्या किंवा यादीच्या आधी “म्हणाला:-” असं चिन्ह असतं. ते ओळीच्या शेवटी आलं की तोडण्याच्या रेघेसारखं दिसतं. उलट “दुः-” ने ओळ संपली तर ते दोन टिंब विसर्गाचे आहेत आणि पुढच्या ओळीत “ख” आहे. टिंबांच्या आधीचा शब्द पूर्ण असेल तर ते विरामचिन्ह, अपुरा असेल तर विसर्ग.

५. रेघ छापलीच नसेल तर

नमुन्यातली आठवी ओळ पुन्हा बघा. “बहा” च्या पुढे काही नाही. खिळा झिजला, शाई लागली नाही, किंवा घाईत बसवायचा राहिला. पुढच्या ओळीत “राचें”. संत्र्याच्या बागा माहीत असणाऱ्याला आंबिया बहार लगेच कळतो. हिवाळ्याच्या अखेरीस फुटणारा बहार. ज्याला माहीत नाही तो “बहा राचें” असे दोन शब्द टंकून पुढे जातो.

हे ओळखायची एक खूण आहे. दोन्ही कडा सरळ असलेल्या रकान्यात, परिच्छेदाची शेवटची ओळ सोडली तर, प्रत्येक ओळ उजव्या कडेला भिडते. एखादी ओळ रेघेएवढ्याच अंतराने आत थांबली असेल तर तिथे न उमटलेली रेघ होती असं समजा. फोटोवर एखाद्या सरळ कागदाची कड उभी धरून बघा, अशी ओळ लगेच डोळ्यात भरते. कधी कधी त्या जागी फिकट ठिपका किंवा खिळ्याचा नुसता दाब उमटलेला असतो. तिरपा प्रकाश टाकून काढलेल्या फोटोत तो दिसतो.

काही छापखाने रेघ देतच नव्हते, शब्द सरळ तोडायचे आणि तुकडा कडेला भिडवायचे. तिथे ही खूण चालत नाही. तिथे प्रत्येक ओळीचा शेवटचा आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द मिळून वाचावा लागतो. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

६. शब्द अर्ध्या अक्षरावर तुटला असेल तर

चांगला जुळारी शब्द पूर्ण अक्षरावर तोडायचा. तरीही “सत्-” खाली “कार”, “उद्-” खाली “घाटन” अशी टोकं सापडतात. पहिल्या फेरीत आपण फोटोत दिसतं तसं अर्धं “त” टंकायला जातो. अर्धं अक्षर तसंच दिसावं म्हणून काही कळपाट त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. मग रेघ आणि एंटर खोडून तुकडे जोडले तरी ते चिन्ह शब्दात अडकून राहतं. पडद्यावर “सत्कार” अगदी बरोबर दिसतो, पण शोधात सत्कार टंकलं तर हा सापडत नाही.

उपाय साधा आहे. अर्ध्या अक्षरावर तुटलेला शब्द रेघ खोडून जोडू नका. दोन्ही तुकडे काढा आणि पूर्ण शब्द सलग नव्याने टंका.

सगळ्या फाइलमधून ती अदृश्य चिन्हं एकदम उडवण्याचा मोह होईल. मराठीत ते महागात पडतं. “दुसऱ्या”, “करणाऱ्या” यांतला तो खास अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एका प्रकारात टिंबाचा ऱ वापरतात, त्याला काही होत नाही. दुसऱ्या प्रकारात साध्या र ला हलन्त देऊन मागे तेच अदृश्य चिन्ह असतं. ते उडालं की “दुसऱ्या” चं “दुसर्या” होतं, र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. म्हणून आधी अशा सगळ्या जागा टिंबाच्या ऱ ने बदला, मगच बाकीची चिन्हं काढा.

७. मजकूर लांब असेल तर यादी काढून घ्या

दहा-बारा पानांसाठी हे लागत नाही. वर्डमध्ये `-^p` शोधत एकेक टोकावर थांबलात तरी पुरे. ओळ शिफ्ट-एंटरने तोडली असेल तर `-^l`. “सगळे बदला” ला मात्र हात लावू नका.

शंभर पानं असतील तर पायथनच्या पाच-सहा ओळी बरंच काम हलकं करतात. हा तुकडा काहीच बदलत नाही. प्रत्येक तुटलेल्या शब्दासाठी तोच शब्द बाकीच्या मजकुरात जोडून किती वेळा आणि रेघेने किती वेळा आलाय, एवढं दाखवतो.

```
import re
t = open("lekh.txt", encoding="utf-8").read()
for m in re.finditer(r"(\S+)-[ ]*\n(\S+)", t):
    a = m.group(1)
    b = m.group(2).rstrip(".,;:!?")
    print(a, "|", b, "|", t.count(a + b), t.count(a + "-" + b))
```

नमुन्यातल्या “हळू | हळू” समोर पहिला आकडा ४ आणि दुसरा ० आला, तर जोडायचं हे स्पष्ट झालं. दोन्ही शून्य आले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. मराठीत तोच शब्द वेगळ्या प्रत्ययासह आलेला असू शकतो: “मुलेंबाळें” नाही, पण “मुलाबाळांसह” आहे. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

इंटरनेटवर यासाठी मिळणाऱ्या तयार सूत्रांमध्ये बहुधा `(\w)-\n(\w)` असं असतं. पायथनच्या नेहमीच्या `re` मध्ये `\w` ला मराठी अक्षरं कळतात, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार कळत नाहीत. त्यामुळे “विहि-”, “ओढा-”, “हळू-”, “मुलें-” ही सगळी टोकं निसटतात आणि फक्त “राख-” आणि “काटोल-” यांसारखी सापडतात. यादी संशयास्पद छोटी आली तर कारण हेच असतं. वरच्या तुकड्यात म्हणूनच `\S` आहे.

८. शेवटची पडताळणी

जोडणी झाली की नमुन्याचा परिच्छेद असा होतो:

त्या वर्षीं मृग कोरडा गेला आणि काटोल-नरखेडच्या बागांत पाण्यासाठीं ओढाताण सुरू झाली. आठवड्याभरांत विहिरींचे तळ दिसूं लागले. नवरा-बायको, मुलेंबाळें सगळीं राबूं लागलीं, तरी झाडें राखतां येईनात. पानें हळूहळू पिवळीं पडलीं. १९३८-३९ च्या आंबिया बहाराचें फळ धरलेंच नाहीं.

आता हिशेब जुळवा. ओळींच्या टोकाला रेघा होत्या सात. त्यातल्या दोन ठेवल्या, पाच काढल्या. ओळीच्या मध्ये एक रेघ आधीपासून होती. म्हणजे अंतिम मजकुरात तीन रेघा हव्यात. मोजा: काटोल-नरखेड, नवरा-बायको, १९३८-३९. जुळलं. प्रत्येक पानासाठी ही बेरीज मी वहीत लिहितो. ती चुकली की रेघ कुठेतरी जादा राहिली किंवा गेली आहे हे त्याच पानावर कळतं.

बाकी काहीही सुधारू नका. “वर्षीं”, “लागलीं”, “नाहीं” यांवरचे अनुस्वार आज आपण देत नाही, पण ते त्या काळचं शुद्धलेखन आहे. शब्द जोडताना हात आपोआप आजच्या वळणावर जातो, विशेषतः शब्द नव्याने टंकताना. “राखतां” चं “राखता” झालं का, ते याच वेळी बघा. छपाईची उघड चूक दिसली तरी ती तशीच ठेवून वहीत नोंद करा.

मग फोटो बाजूला ठेवून मजकूर एकदा मोठ्याने वाचा, शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला वाचायला द्या. जोडण्यात चुकलेला शब्द डोळ्यांना दिसत नाही, पण वाचणारा तिथे अडखळतो. आमच्याकडे आत्या वाचते आणि मी फोटोवर बोट ठेवून ऐकतो. ती थांबली की त्या ओळीच्या टोकाशी जातो. कंसात ठेवलेल्या शंकाही तेव्हाच तिच्यासमोर मांडतो. गेल्या खेपेला अशा अकरा होत्या. सहा तिच्या सांगण्यावरून आणि अंकातल्या पुराव्यावरून सुटल्या, पाच अजून फाइलमध्ये `[-]` घेऊन तशाच आहेत.